पदराची मागची बाजू : पैठणीची घडण, तिची किंमत आणि फोटोखालच्या ओळी

येवल्याच्या हातमागावर दीड महिना खपून विणलेली पैठणी आणि यंत्रमागावर काही तासांत उतरलेली पैठणीसारखी साडी यांचे समोरून घेतलेले फोटो मोबाइलच्या पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात. दोन्हींवर मोर असतो, दोन्हींच्या काठावर नारळी नक्षी असते, दोन्हींची जर झळकते. किमती मात्र एक काही हजारांत, तर दुसरी पन्नास हजारांच्या घरात. फोटो पाहणाऱ्याला हा फरक कुठून आला ते दिसत नाही, कारण तो साडीच्या समोरच्या बाजूवर नसतोच. तो विणताना घालवलेल्या दिवसांत, पदराच्या मागच्या बाजूवर आणि जरीच्या आतल्या धातूत असतो. हे सगळे ग्राहकापर्यंत पोचवण्यासाठी अनेक विणकर कुटुंबे आणि लहान विक्रेते आता मागावरच्या कामाचे फोटो व छोटे व्हिडिओ दाखवतात आणि त्याखाली दोन-चार ओळी लिहितात. या ओळींना सर्रास कॅप्शन म्हटले जाते. त्या नेमक्या असतील तर जास्त किमतीचे कारण समजते. मोघम असतील तर त्यांचा जाहिरातीपलीकडे काही उपयोग होत नाही.

पूर्वी या ओळींची गरज नव्हती. येवल्यात आजही बऱ्याच घरांत पुढच्या खोलीत विक्री आणि मागच्या खोलीत माग अशी व्यवस्था असते. मुंबई-पुण्याहून लग्नाच्या खरेदीला आलेले कुटुंब आधी माग पाहते, विणकराला दोन प्रश्न विचारते आणि मग साडी उलगडायला सांगते. भाव ठरण्याआधी काम डोळ्यांनी पाहिलेले असते. फोनवरून विक्री सुरू झाली तेव्हा मधली ही पायरी गळाली. फोटोखालच्या ओळींना तिचेच काम करायचे असते.

ग्राहकाला फरक कळला नाही तर

विक्रेत्याला मालाची खरी प्रत ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा बाजाराचे काय होते याची मांडणी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केली. चांगली गाडी कोणती आणि बिघडलेली कोणती हे ओळखता येत नसेल, तर ग्राहक दोन्हींना मधलाच भाव देऊ करतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब माल उरतो. पैठणीच्या बाजारात हाच धोका आहे. सगळ्याच साड्यांना ‘पैठणी’ म्हटले जात असेल आणि ग्राहकाला त्यातले प्रकार ओळखता येत नसतील, तर हातमागाच्या साडीला यंत्रमागाच्या साडीशी भावात झुंजावे लागते. ही झुंज तिला कधीच जिंकता येत नाही.

यावर कष्टांची गोष्ट सांगणे हा उपाय चटकन सुचतो आणि तो चालतोही. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच कविता काहींना चार तासांत आणि काहींना अठरा तासांत लिहिलेली म्हणून दाखवली. अठरा तास ऐकलेल्यांना ती अधिक चांगली वाटली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. जुन्या काळच्या चिलखतांची व शस्त्रांची चित्रे अस्पष्ट असताना, म्हणजे वस्तूची प्रत नीट जोखता येत नसताना, सांगितलेल्या वेळेचा लोकांच्या मतावर अधिक परिणाम झाला.

फोनवरच्या साडीचे असेच होते. पोत हाताला लागत नाही, वजन कळत नाही, म्हणून ग्राहक ‘किती दिवस लागले’ या एका माहितीवर भार टाकतो. पण ती माहिती खोटी असली तरी परिणाम तोच होतो. त्यामुळे नुसते ‘तीन महिन्यांची मेहनत’ असे लिहिणे प्रामाणिक विणकराला फार काळ पुरत नाही. यंत्रमागाची साडी विकणाराही तेच वाक्य लिहू शकतो. ज्या ओळीतली गोष्ट ग्राहक साडी हातात आल्यावर स्वतः तपासू शकतो, ती ओळ नक्कल करणाऱ्याला लिहिता येत नाही. कॅप्शनची कसोटी हीच आहे, आणि पैठणी विणण्याच्या एकेका टप्प्यावर अशी तपासण्याजोगी काय गोष्ट मिळते हे पाहण्यासारखे आहे.

रेशीम आणि ताणा

पैठणीसाठी तुती रेशमाचे सूत लागते. कोशातून काढलेल्या कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाच्या नैसर्गिक डिंकाचा थर असतो. त्यामुळे धागा ताठ व निस्तेज दिसतो आणि रंगही नीट धरत नाही. साबण व सोड्याच्या गरम पाण्यात उकळून हा डिंक काढतात. त्यात कच्च्या रेशमाचे साधारण वीस ते पंचवीस टक्के वजन कमी होते. ग्राहकाला सहसा माहीत नसलेली ही गोष्ट दोन फोटोंत दाखवता येते. एकात तराजूवरची कच्ची लड, दुसऱ्यात तीच लड डिंक काढून वाळवल्यावर. खाली एवढेच लिहिले तरी पुरते : ‘एक किलो कच्चे रेशीम आणले. डिंक निघाल्यावर पाऊण किलोच्या आसपास उरले. साडीत हे उरलेले रेशीम जाते, पैसे मात्र पूर्ण किलोचे मोजावे लागतात.’

रंगवलेल्या लडी उकलून धागा रहाटावर कांड्यांवर भरतात. हे काम अनेक घरांत बायका करतात, आणि कॅप्शनमध्ये त्यांचा उल्लेख बहुधा राहून जातो. मग ताणा तयार होतो, म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले हजारो धागे. जुना ताणा संपत आला की त्याच्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्या ताण्याचे टोक बोटांनी पिळून जोडतात. त्यामुळे दर वेळी सगळे धागे वही आणि फणीतून नव्याने ओवावे लागत नाहीत. ही जोडणी पाहायला आकर्षक असते आणि तिचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. पण किमतीच्या दृष्टीने एक गोष्ट लिहायला हवी : एका ताण्यावर सहसा एकाहून जास्त साड्या निघतात, म्हणून जोडणीचे दिवस त्या साड्यांत वाटले जातात. हे सगळे दिवस एकाच साडीच्या नावावर मांडणे ही या व्यवसायातली नेहमीची अतिशयोक्ती आहे.

ताण्याच्या टप्प्यावर तपासण्याजोगी गोष्ट रंगाची आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा असेल तर कापड हलवताना रंग पालटताना दिसतो. त्याला धूपछाव म्हणतात. ‘ताणा जांभळा, बाणा लाल’ असे लिहून मागाचा जवळून घेतलेला फोटो दिला, तर साडी हाती आल्यावर ग्राहक ती उजेडात तिरपी धरून खात्री करू शकतो. फोटोत एक रंग दिसला आणि साडी वेगळ्याच रंगाची वाटली ही तक्रारही त्यामुळे कमी होते.

पदर : लांबी थोडी, दिवस जास्त

पैठणीची किंमत सर्वांत जास्त ठरते ती पदरावर. साडीच्या अंगात आडवा धागा धोट्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. काठ आणि अंग यांचे रंग वेगळे ठेवायचे असतील तर जुन्या पद्धतीत दोन काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे चालतात, आणि जिथे रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवले जातात. पदरात हीच पद्धत फार बारीक होते. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्याच्या कडेपर्यंतच जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. पुढच्या ओळीत पुन्हा तसेच. विणकर ताण्याचे धागे मोजून कांड्या फिरवतो. नक्षी आलेख कागदावर काढून समोर ठेवलेली असते, आणि बांगडी मोर किंवा मुनियासारख्या नेहमीच्या नक्ष्या मुरलेल्या विणकराला पाठ असतात.

प्रत्येक धागा आपल्या रंगाच्या हद्दीतूनच मागे फिरत असल्याने पदराच्या पाठीवर मोकळे धागे लोंबत नाहीत. नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. जॅकार्डवर विणलेल्या नक्षीत रंगीत धागा कापडाच्या आडव्या रुंदीत धावतो, हवा तिथे वर येतो आणि बाकी ठिकाणी पाठीवर पडून राहतो. असे पाठीवरचे धागे नंतर कापतात, किंवा ते जाळीसारखे तसेच राहतात. म्हणून पदर उलटा करून पाहणे ही हाती विणलेला पदर ओळखण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत भरवशाची रीत आहे. मागावरच्या कामाचे दहा फोटो आणि त्याच साडीच्या पदराच्या पाठीचा एक स्पष्ट फोटो यांत निवड करायची झाली, तर तो एक फोटो अधिक मोलाचा.

पदर विणायला किती वेळ लागतो हेही दाखवता येते. कापडावर मोजपट्टी ठेवून ठरावीक दिवसांनी, तारीख दिसेल असा फोटो घ्यायचा. ‘4 तारखेला पदर सुरू केला. आज 14 तारीख. दहा दिवसांत दहा इंच झाले, चौदा इंच बाकी आहेत.’ या ओळीत विशेषण एकही नाही, पण ती वाचणाऱ्याला गती कळते, आणि गती कळली की पुढचा हिशेब तो स्वतः करतो.

एका साडीचा हिशेब

हा हिशेब एका कल्पित साडीवर करून पाहता येईल. आकडे समजण्यापुरते आहेत. गावागावांत आणि नक्षीनुसार ते बदलतात. समजा, पदर चोवीस इंचांचा आहे, त्यात दाट मोर आहेत आणि दिवसाला एक इंच विणून होतो. म्हणजे पदराला चोवीस दिवस लागले. उरलेल्या सुमारे पाच मीटर अंगावर लहान बुट्ट्या आहेत आणि दिवसाला दहा इंच होतात, म्हणजे अंगाला वीस दिवस. एकूण चव्वेचाळीस दिवस. पदर हा साडीच्या लांबीचा जेमतेम नववा भाग आहे, पण अर्ध्याहून जास्त दिवस त्यानेच घेतले.

मजुरी दिवसाला सहाशे रुपये धरली तर चव्वेचाळीस दिवसांचे 26,400 रुपये होतात. रेशीम व रंगाईचे 5,000, जरीचे 3,000, कांड्या भरणे व ताणा जोडणे यांतल्या या साडीच्या वाट्याचे 1,600, माग आणि जागेच्या खर्चाचे 2,000. एकूण 38,000 रुपये. साडी पन्नास हजारांना विकली तर वरच्या बारा हजारांत साडी विकली जाईपर्यंत अडकलेले भांडवल, कर, पाठवणी, परत आलेला माल आणि विक्रेत्याची मिळकत हे सगळे बसवायचे असते.

या हिशेबातून कॅप्शन लिहिणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे खर्चाचा सुमारे सत्तर टक्के भाग विणण्याच्या मजुरीचा आहे, आणि एकट्या पदराची 14,400 रुपये मजुरी रेशीम व जर यांच्या एकत्रित किमतीहून जास्त आहे. तेव्हा कॅप्शनमध्ये सर्वाधिक जागा पदरालाच हवी. रेशमाच्या लडी रंगीबेरंगी दिसतात म्हणून बहुतेक विक्रेते त्यांचेच फोटो जास्त टाकतात, पण जास्त किमतीचे कारण लडींत नाही. दुसरी गोष्ट अशी की फक्त कच्च्या मालाचा भाव सांगितला तर उलटा परिणाम होतो. ‘यात आठ हजारांचे रेशीम आणि जर आहे’ असे वाचून ग्राहकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पन्नास हजार कशाचे, हाच. खर्च सांगायचाच असेल तर दिवसांसह पूर्ण सांगावा, नाहीतर रुपये न सांगता फक्त दिवस आणि इंच सांगावेत.

हीच साडी हातमागावर पण जॅकार्ड लावून विणली आणि पदरही दिवसाला दहा इंच झाला, तर पदर अडीच दिवसांत उरकतो. साडीचे एकूण दिवस निम्म्यावर येतात आणि याच हिशेबाने तिचा खर्च पंचवीस हजारांच्या आसपास उतरतो. अशी साडीही हातमागावरचीच असते. ती विकण्यात लबाडी नाही. लबाडी होते ती हाती विणलेल्या पदराचा व्हिडिओ दाखवून ही साडी पाठवण्यात. म्हणून दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात : ‘हातमागावर विणलेली’ आणि ‘पदर कांड्यांनी हाती विणलेला’. तिन्ही प्रतींचा माल ठेवणाऱ्या विक्रेत्याने ‘अंग जॅकार्डवर, पदर हाताने’, ‘अंग-पदर दोन्ही जॅकार्डवर, माग हाताचा’, ‘यंत्रमाग’ असे प्रत्येक साडीखाली स्पष्ट लिहिले तर महाग साडीची किंमत आपोआप समजते, कारण तुलना समोरच असते.

जर कोणती?

किमतीचा दुसरा गोंधळ जरीचा. ‘शुद्ध जर’, ‘अस्सल जर’ हे शब्द कॅप्शनमध्ये सढळ हाताने वापरले जातात. जरीचे ढोबळ तीन प्रकार असतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. टेस्टेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जरीत तार तांब्याची असते आणि तिच्यावर चांदीचा थर असतो. तिसऱ्या प्रकारात धातूचा लेप दिलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या असतात. आज बाजारातल्या बहुसंख्य साड्यांत दुसरी किंवा तिसरी जर असते, कारण खऱ्या जरीने साडीची किंमत खूप वाढते.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, पण जरीचा प्रकार लिहिला पाहिजे. ‘जर टेस्टेड आहे, चांदीची नाही. दमट जागी ठेवली तर कालांतराने काळपट पडू शकते, म्हणून सुती कापडात गुंडाळून ठेवावी’ ही ओळ विक्री कमी करील अशी भीती विक्रेत्याला वाटते. प्रत्यक्षात मोठ्या खरेदीत आधी सांगितलेली उणीव ग्राहक पचवतो, नंतर सापडलेली नाही. स्वतःच्या मालाची एक मर्यादा उघड सांगणाऱ्याचे बाकीचे दावेही लोक सहज मानतात. हाती विणलेल्या पदरात दोन मोर तंतोतंत सारखे येत नाहीत, एखाद्या ठिकाणी धागा सांधलेला दिसतो. तेही आधी फोटो देऊन सांगावे. मात्र ‘दोष दिसला म्हणजे साडी हाताची’ हा उलटा तर्क ग्राहकाच्या गळी उतरवू नये. वाकडी नक्षी यंत्रमागावरही येते.

कॅप्शन कुठे फसते

सर्वांत मोठी चूक म्हणजे फोटो आणि विकायची साडी यांचा संबंध नसणे. एकाच विणकराचा एकच व्हिडिओ वर्षभर प्रत्येक साडीखाली फिरत राहतो. पाहणाऱ्याला हे लवकर लक्षात येते, कारण मागावरची साडी हिरवी असते आणि विकायची जांभळी. यावर उपाय साधा आहे : ताणा मागावर चढला की साडीला क्रमांक द्यायचा, त्या साडीच्या प्रत्येक फोटोखाली तो लिहायचा आणि साडीच्या चिठ्ठीवरही तोच छापायचा. क्रमांक पाहून ग्राहक मागे जाऊन दिवसादिवसांचे फोटो पाहू शकतो. ज्या साडीचे असे फोटो घेतलेले नाहीत तिच्याखाली ‘हा व्हिडिओ आमच्या मागावरचा आहे, या साडीचा नाही’ असे लिहिणे चांगले.

दुसरी चूक दिवसांची फुगवाफुगवी. ‘सहा महिने लागले’ असे लिहिलेल्या साडीचा पदर अठरा इंचांचा आणि अंग साधे असेल, तर वर केलेला हिशेब कोणीही करू शकतो आणि तो जुळत नाही. कधी त्यात लबाडी नसते. ताणा रंगवायला दिल्यापासून साडी घडी होईपर्यंतचा काळ आणि प्रत्यक्ष विणण्याचे दिवस यांची सरमिसळ झालेली असते. मधे सण येतो, रंगाई अडकते, विणकर आजारी पडतो. ‘मागणी नोंदवल्यापासून तीन महिने, त्यांतले विणकामाचे दिवस चव्वेचाळीस’ असे लिहिले की दोन्ही खरे राहते.

तिसरा प्रश्न माणसांचा आहे. मागावर बसलेल्या विणकराचा चेहरा दाखवला की साडीला माणूस मिळतो, पण तो फोटो त्याच्या संमतीने घेतलेला हवा, आणि विक्रेता वेगळा असेल तर विणकराला मोबदला किती मिळतो या प्रश्नाची तयारी हवी. किमतीचे समर्थन कष्टांवर करायचे आणि कष्ट करणाऱ्याला दिवसाला किती मिळाले हे लपवायचे, ही विसंगती ग्राहकाच्या लक्षात येते. विणकर बाहेर असतील तर ‘या पदराचे काम अमुक यांनी केले, मजुरी इंचावर ठरली होती’ इतके लिहिणे शक्य आहे.

चौथी गोष्ट दाखवण्याच्या मर्यादेची. नवी नक्षी आलेख कागदासह फोटोत आली की ती जॅकार्डवर उतरवणे सोपे होते आणि साडी विकली जाण्याआधीच तिची स्वस्त नक्कल बाजारात येऊ शकते. म्हणून जाणकार विणकर हात, कांड्या, मोजपट्टी आणि पदराची पाठ दाखवतात. नव्या नक्षीचा पूर्ण आराखडा साडी तयार होईपर्यंत झाकून ठेवतात. पारदर्शकता म्हणजे सगळे उघड करणे नव्हे. ग्राहकाला भाव जोखायला जेवढे लागते तेवढे पुरते.

शिक्के आणि कायदा

कॅप्शनमधला शब्द विक्रेत्याचा असतो. त्याला बाहेरचा आधार हवा तर काही शिक्के उपलब्ध आहेत. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून सुरू झालेला सिल्क मार्क कापड शुद्ध रेशमाचे आहे एवढेच सांगतो. ते कोणत्या मागावर विणले यावर तो काही म्हणत नाही. 2006 साली आलेला हँडलूम मार्क कापड हातमागाचे आहे हे सांगतो, पण पदर कांड्यांनी विणला की जॅकार्डवर हे सांगत नाही. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 1999 च्या संबंधित कायद्यानुसार ते नाव वापरणाऱ्या उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते आणि मानांकनाचा खोटा वापर हा गुन्हा आहे. प्रत्येक शिक्का एका प्रश्नाचे उत्तर देतो. ‘हे रेशीम आहे का’ याचे उत्तर देणारा शिक्का दाखवून ‘हे हाताचे आहे’ असे भासवणारी ओळ लिहिणे दिशाभूल ठरते. फोटोखालची ओळ विक्रीसाठी लिहिलेली असल्याने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या तरतुदी तिलाही लागू होऊ शकतात.

शिक्का नसेल तर ग्राहकाकडे घरगुती चाचण्या उरतात, आणि कॅप्शनमध्ये त्या सांगणाऱ्या विक्रेत्याचे काही बिघडत नाही. साडीच्या टोकाचा एखादा सुटा धागा जाळला तर रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. पदराची पाठ पाहणे, कापड तिरपे धरून धूपछाव पाहणे आणि साडीवरचा क्रमांक फोटोंशी जुळवणे यांना तर काहीच लागत नाही.

एका साडीसाठी त्यामुळे पाच-सहा फोटो आणि तितक्याच छोट्या ओळी पुरतात : डिंक काढण्याआधीचे व नंतरचे वजन, ताणा व बाण्याचे रंग, पदराची मोजपट्टीसह प्रगती, पदराची पाठ, जरीचा प्रकार आणि शेवटी क्रमांकासह घडी केलेली साडी. प्रत्येक ओळीत एक वस्तुस्थिती आणि ती तपासण्याची एक वाट असावी. ‘परंपरा’, ‘वारसा’, ‘प्रेमाने विणलेली’ हे शब्द यंत्रमागाच्या साडीखालीही तितकेच शोभतात, म्हणून किंमत ठरवायला त्यांचा उपयोग नाही. एवढे सगळे सांगूनही काही ग्राहक पंचवीस हजारांची साडीच घेतील, कारण त्यांना हवी असलेली शोभा तीत आहे. कॅप्शन त्यांना पन्नास हजारांपर्यंत ओढू शकत नाही. जो ग्राहक हाती विणलेल्या पदरासाठीच पैसे द्यायला तयार आहे, पण फसवणुकीच्या भीतीने थांबला आहे, त्याच्या मनातली शंका मात्र ती दूर करू शकते.